पान 47

रात्रीचे साडेअकरा. उद्या बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात साहेब हा भाषिक सर्वेक्षणाचा अहवाल मांडणार, म्हणून मी झेरॉक्स काढत होतो. पान 47 वर हात थांबला. आजीच्या नगरपालिकेत मराठी भाषिक 14 टक्के? माझ्या हातानं मी 21 टाइप केलं होतं. आकडा पंधराच्या खाली गेला की मराठीत नोटिसा देण्याची जबाबदारीच संपते. माझी आजी घरपट्टीचा कागद परत दुसऱ्याकडून वाचून घेणार.

खाली सर्वेक्षणवाल्या आक्कांची सही. पण आक्का कायम निळ्या शाईनं करतात. ही काळी.

फोन वाजला. पीए काका. त्यांनीच मला इथं चिकटवलं.

“बाळा, प्रती झाल्या न्हवं? पान 47 बघत बसू नकोस.”

मी पानाचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

“झाल्या, काका.”

कपाटातला मूळ तक्ता शर्टाच्या आत सरकवला, मागच्या जिन्यानं उतरलो. डावीकडं साहेबांचा बंगला, उजवीकडं शहापूर, आक्कांचं घर. साहेबांना हे ठाऊक असेल? नसेल? गाडी शहापूरकडं वळवली.

मागं एका मोटारीचे दिवे लागले.