स्वतंत्र संचालकपदाच्या नामनिर्देशनासाठी परिचय

सादर : नामनिर्देशन व मोबदला समिती
नाव, डीआयएन आणि पत्ता सोबतच्या डीआयआर-२ संमतिपत्रात आहे. कंपन्यांची नावे हितसंबंधांच्या घोषणापत्रात दिली आहेत. ती इथे पुन्हा लिहिलेली नाहीत.

मी सनदी लेखापाल आहे. नागपूरला मुख्यालय असलेल्या एका सूचीबद्ध फेरो अलॉय कंपनीत २००८ पासून मुख्य वित्त अधिकारी आणि २०१६ पासून कार्यकारी संचालक (वित्त) होते. मार्च २०२४ मध्ये निवृत्त झाले. या सोळा वर्षांत कंपनीची उलाढाल ४१० कोटींवरून १,९६० कोटींवर गेली. त्याचे श्रेय एकट्या वित्त विभागाचे नाही. मँगनीजच्या धंद्यात बाजार चढला की सगळेच हुशार ठरतात. माझ्याकडे होते ते असे : विदर्भ आणि छत्तीसगडमधील दोन कारखान्यांचे वित्त, खरेदी आणि माहिती तंत्रज्ञान, पाच बँकांच्या समूहाकडील ६४० कोटींच्या कर्जमर्यादा, वर्षाला सुमारे ५२० कोटींचे वीजबिल, आणि १,१५० कायम व जवळपास १,९०० कंत्राटी कामगारांच्या देण्यांची जबाबदारी. २०१६ नंतर जोखीम व्यवस्थापन समितीचे कामकाजही माझ्याकडे आले.

मंडळाला माझा उपयोग कुठे होईल हे आकड्यांपेक्षा दोन प्रसंगांवरून जास्त कळेल.

पहिला प्रसंग २०११ चा. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतल्या खाणींतून कारखान्यापर्यंत खनिज आणण्याचे काम प्रवर्तक कुटुंबाच्या नात्यातली एक वाहतूक संस्था करत असे. निविदा निघत नव्हत्या; दर दरवर्षी थोडे वाढायचे आणि सही होऊन यायचे. मी तीन वर्षांची बिले किलोमीटरप्रमाणे मांडली, बाहेरच्या चार वाहतूकदारांचे लेखी दर मागवले आणि तो तक्ता लेखापरीक्षण समितीपुढे ठेवला. अध्यक्षांना ते आवडले नाही, आणि पुढचे काही महिने माझ्यासाठी सोपे नव्हते. पण समितीने निविदा काढायला लावल्या. तीच संस्था पुन्हा आली, टनामागे ११ टक्के कमी दराने. नात्यातल्या माणसाला काम मिळण्यावर माझा आक्षेप नव्हता, आजही नाही. दर कुणी, कशाच्या आधारावर ठरवला हे कागदावर असावे, एवढेच मागितले होते. आता संबंधित पक्षांच्या व्यवहारांना लेखापरीक्षण समितीतील फक्त स्वतंत्र सदस्यांनी मंजुरी द्यायची असते. तो नियम येण्याच्या बरीच वर्षे आधी आमच्याकडे ही पद्धत बसली होती.

दुसरा प्रसंग माझ्या चुकीचा आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात डॉलर ५५ रुपयांच्या आसपास होता. ऑगस्टच्या अखेरीस तो ६८ च्या पुढे गेला. आयात कोकसाठी घेतलेल्या परकीय चलनातील कर्जाचा मोठा भाग मी हेजिंगशिवाय ठेवला होता, कारण प्रीमियम महाग वाटत होता. कंपनीला २३ कोटींचा फटका बसला. मी मंडळापुढे लेखी टिपण ठेवले. त्यात रुपयाला दोष देणारे वाक्य नव्हते. निर्णय माझा होता आणि त्यासाठी मंडळाने आखून दिलेली मर्यादाच नव्हती, असे लिहिले होते. त्यातून परकीय चलनाचे धोरण तयार झाले : किती रक्कम उघडी ठेवता येईल, मर्यादा ओलांडली तर चोवीस तासांत कुणाला कळवायचे, आणि अपवाद करायचा अधिकार कुणाचा. शेवटचा मुद्दा ठरवायला सर्वांत जास्त वेळ लागला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा या धोरणाने लावलेली शिस्तच कामी आली. भट्टी दिव्यासारखी बटण दाबून बंद करता येत नाही आणि चालू ठेवली तर माल उचलायला कुणी नाही. त्या तिमाहीत मंडळाच्या बैठका दर आठवड्याला होत होत्या आणि प्रत्येक बैठकीला तेरा आठवड्यांचा रोकड अंदाज जात होता. कंत्राटी कामगारांसह सर्वांचे पगार वेळेवर झाले, लाभांश मात्र रोखला. काही भागधारकांनी नाराजीची पत्रे लिहिली. त्या प्रत्येक पत्राला उत्तर गेले.

सध्या एका असूचीबद्ध सार्वजनिक कंपनीत स्वतंत्र संचालक आणि लेखापरीक्षण समितीची अध्यक्ष आहे. रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकानंतर १०० कोटींवर ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकांना संचालक मंडळाखेरीज स्वतंत्र व्यवस्थापन मंडळ नेमावे लागते. नागपूरमधील अशाच एका बँकेच्या व्यवस्थापन मंडळावर २०२१ पासून आहे. तिथे निवडून आलेले संचालक आणि नेमलेले तज्ज्ञ यांच्यात अधिकार कुणाचा, यावर पहिले वर्ष गेले. कर्जमंजुरीच्या टिपणावर तज्ज्ञाचे विरोधी मतही नोंदवायचे, हा तोडगा मी सुचवला आणि तो टिकला.

२००८ पूर्वीच्या नोकऱ्या या परिचयात घेतलेल्या नाहीत. त्या कामांनी मला हिशेब शिकवला, पण मंडळाच्या टेबलावर त्यांचा आज काही उपयोग नाही, आणि परिचय लांबवण्यासाठी त्या मांडणे मला पटत नाही. एक धागा मात्र उघड करणे भाग आहे. माझी आर्टिकलशिप ज्या फर्ममध्ये झाली तीच आपल्या कंपनीची २०१७ पर्यंत वैधानिक लेखापरीक्षक होती. नव्या कायद्यातील सक्तीच्या बदलामुळे ती बाजूला झाली. माझा तिच्याशी संबंध १९९४ मध्ये संपला. कायदा मागची तीन वर्षे पाहतो, म्हणून अडचण नाही. तरी हे नंतर दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून आधी कळलेले बरे.

दुसरी नोंद. माझी आधीची कंपनी आपल्या हिंगण्याच्या ओतकाम कारखान्याला सिलिको मँगनीज पुरवते. त्या कंपनीतील माझे सर्व शेअर मी जून २०२४ मध्ये विकले आणि निवृत्तिवेतन वा सल्लागार म्हणून तिच्याकडून काहीही घेत नाही. तरीही त्या पुरवठ्याचा विषय निघेल तेव्हा मी खोलीबाहेर थांबेन आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी अशी माझी अट आहे. सहकारी बँकेत आपल्या कंपनीचे खाते किंवा कर्ज नाही.

समितीच्या पत्रात ‘महिला स्वतंत्र संचालक’ असा उल्लेख आहे. नियमाची ती गरज मला ठाऊक आहे आणि त्यात गैर काही नाही. पण माझा विचार लेखापरीक्षण आणि जोखीम या दोन समित्यांसाठी व्हावा. एखादी जागा भरायची म्हणून नुसते नाव हवे असेल तर नागपुरात माझ्यापेक्षा कमी प्रश्न विचारणाऱ्या बायका सहज मिळतील. पुरुष तर त्याहून सहज.

माझ्याकडे एकूण तीनच मंडळांपुरता वेळ आहे. आपले मंडळ तिसरे असेल, चौथे मी घेणार नाही. वर्षाला मंडळाच्या आणि समित्यांच्या मिळून पंधरा ते अठरा बैठका धरल्या आहेत, शिवाय दर सहामाहीत एक दिवस कारखान्यात, त्यांतला एक शक्यतो मे महिन्यात. सुरक्षिततेचे अहवाल हिवाळ्यात चांगलेच दिसतात. पंचेचाळीस अंशांत ओतकाम विभागात माणसे कशी काम करतात ते पाहिल्याशिवाय मी त्या अहवालावर मत देणार नाही.

कार्यसूचीची कागदपत्रे सात दिवस आधी मिळावीत. आदल्या रात्री आलेल्या विषयावर मी होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, तो पुढच्या सभेत घ्यावा असे म्हणते. आधीच्या दोन्ही मंडळांना आता याची सवय झाली आहे.

नागपूर, ४ ऑगस्ट २०२५