नंबर

निखिलच्या पहिल्या सिनेमाचं नाव ‘नंबर’. अठरा मिनिटांचा. टँकर यायच्या आधी पाड्यावरच्या बायका हंडे रांगेत लावून कामाला निघून जातात, त्यातल्या एका हंड्याची ही गोष्ट. हंड्याची म्हातारी मालकीण दवाखान्यात आहे. रांग सरकली की मागची बाई आपला हंडा उचलते आणि म्हातारीचाही पुढे सरकवते. म्हातारी येणार की नाही कुणाला ठाऊक नाही, पण तिचा नंबर कुणी मोडत नाही. बस, एवढंच.

आमच्या शहापूर तालुक्यात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. भातसा इथंच, तानसा इथंच. ते पाणी नळातून मुंबईला जातं आणि मे महिन्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतो.

माझा मंडप, लाइट आणि साउंडचा धंदा. निखिल माझ्या मावशीचा मुलगा, पडघ्याच्या एका गोडाऊनमध्ये स्कॅनिंगला होता. शूटिंग त्याने रविवारचं केलं, भाड्याच्या कॅमेऱ्यावर, डोळखांबच्या बाजूच्या एका पाड्यात. शूटिंग उन्हात, कॅमेरा बॅटरीवर, त्यामुळे लाइटचा संबंध आला नाही. खरे हाल पुढे होते.

एडिटिंगला त्याने जुना कॉम्प्युटर घेतला होता. रात्री आठला घरी यायचा, जेवून बसायचा आणि साडेनऊला लाइट जायची. मे महिना म्हणजे कधी डीपीचा फ्यूज उडतो, कधी वळवाच्या वाऱ्याने फांदी तारेवर पडते, कधी काहीच कारण नसतं. वायरमनला फोन लावला की म्हणायचा, “फीडरच बंद आहे, मी काय करू?” तोही खरंच बोलायचा, बिचारा एकटा सात गावं बघत होता. लाइट यायची पहाटे तीनला. निखिल पंख्याच्या आवाजाने जागा व्हायचा, पाचपर्यंत बसायचा आणि सहाला गाडी काढून हायवेने कामावर. महिनाभर त्याचे डोळे लाल होते. मावशी मला म्हणाली, “संजू, तू तरी सांग त्याला. नोकरी घालवून बसेल.” मी सांगितलं नाही. मला ते काम पुरं झालेलं बघायचं होतं.

एका रात्री त्याचा फोन आला. “संजूदादा, माइकचा स्टँड घेऊन ये. लगेच. लाइट गेलीय.”

मला वाटलं, पोरगं वैतागून काहीतरी बरळतंय. गेलो तर पडवीत आजी बसलेली, समोर पितळी हंडा, बाजूला पाण्याची बादली. निखिलच्या हातात बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर. म्हणाला, “ऐक.”

मी ऐकलं. काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी आहे, रात्री दहापर्यंत चालते. समोर बोअरची मोटर, घरात फ्रिज, पंखा. हे सगळं एकदम थांबलं होतं. मी वीस वर्षं साउंडच्या धंद्यात आहे, पण आमच्या आळीत इतकी शांतता असते हे मला ठाऊक नव्हतं. शूटिंगच्या वेळी पाड्यावर टँकरचं इंजिन चालू होतं, त्यामुळे हंड्याचे सगळे आवाज वाया गेले होते. ते आता पुन्हा घ्यायचे होते.

“आजी, ओत. हळू.”

आजीने तांब्याने पाणी ओतलं. रिकाम्या हंड्यात पहिली धार पडते तेव्हा आवाज खोल, घोगरा येतो. मग हंडा भरत जातो तसा तो चढत जातो, बारीक होतो आणि गळ्याशी पाणी आलं की एकदम मिटतो. कानाला हेडफोन लावून मी ते पहिल्यांदा नीट ऐकलं. आजी न बघता सांगायची, “भरत आला, आता थांब.” साठ वर्षं तिने पाणी आवाजावर भरलं होतं. हंडा दगडावर टेकवताना, उचलताना, पायाने सरकवताना, असे चाळीस-एक आवाज आम्ही त्या रात्री घेतले. साडेअकराला लाइट आली, फ्रिज गुरगुरला, तसा निखिलने रेकॉर्डर बंद केला. तेव्हापासून लाइट गेली की तो माइक काढून बसायचा.

शेवटचं काम होतं फाईल बाहेर काढण्याचं. अठरा मिनिटांच्या फाईलला त्या मशीनवर साडेतीन तास लागत होते, आणि मध्ये लाइट गेली की सगळं पाण्यात. फाईल शेवटी बंद होताना तिचा हिशोब लिहिला जातो म्हणे, तो लिहिला नाही तर नव्वद टक्के झालेली फाईलसुद्धा उघडत नाही. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तो काही बोलला नाही, बाहेर ओट्यावर जाऊन बसला. आजी त्याच्या शेजारी जाऊन बसली, तीही काही बोलली नाही.

माझा जनरेटर लग्नसराईत रोज बुक. मला ते फार लागलं. घरचं काम आणि मी वासिंदच्या हळदीला डीजे वाजवतोय.

तोड त्यानेच काढली. यूपीएस बारा मिनिटं टिकतो, मग फाईल बारा मिनिटांत मावेल एवढी कर. त्याने सिनेमाचे बरोबर कटवर चोवीस तुकडे पाडले. एका तुकड्याला आठ-नऊ मिनिटं. तुकडा चालू असताना लाइट गेली तरी तेवढा पुरा होतो, मग मशीन बंद करायचं आणि लाइट यायची वाट बघायची. आल्यावरही घाई नाही, यूपीएस आधी भरू द्यायचा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे त्याने चोवीस चौकोन आखले. आजी रोज सकाळी विचारायची, “किती हंडं भरलं?”

अकराव्या दिवशी चोविसावा भरला. तुकडे जोडायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पहिला खेळ पाड्यावरच, शाळेच्या अंगणात. मी त्या दिवशीची एक सुपारी सोडली. जनरेटर शाळेमागच्या ओढ्यापलीकडे ठेवला, दोनशे फूट केबल ओढली. निखिलने नको म्हटलं होतं, एवढी केबल कशाला? पण मला तो पाण्याचा आवाज लोकांना ऐकवायचा होता.

पाड्यावर संध्याकाळपासून लाइट नव्हती, त्यामुळे पडदा लख्ख दिसत होता. पोरं पुढे, बायका भिंतीशी. वायरमनही कडेला उभा होता. सिनेमातली मागची बाई म्हातारीचा हंडा पहिल्यांदा सरकवते, तेव्हा बायकांत कुणीतरी “अगं बाई” म्हणालं. मग धार पडायला लागली. खोल, घोगरी. अंगणात कुणी हलत नव्हतं. आवाज चढत चालला होता, हंडा अजून अर्धाही भरला नव्हता, आणि लाइट आली. शाळेच्या कोपऱ्यावरचा खांब भसकन पेटला, पडदा पांढरा पडला.

“घालव रे ती लाइट!” आजी ओरडली. मागून पाच-सहा बायका ओरडल्या.

वायरमन धावत खांबाकडे गेला, पेटी उघडून फ्यूज ओढला. अंधारात धार तशीच चालू होती, गळ्याशी आली होती.

“भरत आला,” आजी म्हणाली.