व्याकरण कार्यपत्रिका, इयत्ता आठवी : सोडवलेली प्रत, कारणांसकट

मुलांनो, सुट्टीच्या आधी दिलेली कार्यपत्रिका मी पूर्ण सोडवून देते आहे. वहीतली उत्तरे ताडून बघा, पण आधी कारण वाचा. ‘कानाला बरे वाटले’ हे कारण मी धरणार नाही. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी दखनी बोलतात. प्रत्येकाच्या कानाला वेगळेच बरे वाटते.

प्रश्न १. रिकाम्या जागा भरा.

१) गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. (निघतो / निघते / निघतात)
निघते कोण? मिरवणूक. ती स्त्रीलिंगी, एकवचनी. ‘सात’ आणि ‘नंदीध्वजांची’ हे शब्द मिरवणुकीबद्दल जास्तीची माहिती देतात, क्रियापदाला त्यांच्याशी देणेघेणे नाही. ‘निघतात’ लिहिणारे सात या आकड्याला फसले.

२) बाबांनी शेंगाचटणी कुटली. (कुटला / कुटली / कुटले)
कर्त्याला ‘नी’ प्रत्यय लागला की भूतकाळी क्रियापद कर्त्याला सोडते आणि कर्माकडे जाते. चटणी स्त्रीलिंगी, म्हणून कुटली. बाबांच्या जागी आई घाला, क्रियापद हलत नाही. हा कर्मणी प्रयोग. तेलुगू-कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याचाच हात धरून चालते, त्यामुळे तिथून येणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा तपासावे.

३) काकूंनी मुलींना रिक्षात बसवले. (बसवल्या / बसवली / बसवले)
इथे कर्त्याला ‘नी’ आहे आणि कर्मालाही ‘ना’ आहे. दोघेही प्रत्ययाआड गेले, मग क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी राहते. भावे प्रयोग.

४) भुईकोट किल्ल्याच्या भिंती तलावाजवळ दिसतात. (चा / ची / च्या)
षष्ठीचा प्रत्यय पुढच्या नामाप्रमाणे बदलतो. भिंत असती तर ‘ची’. भिंती स्त्रीलिंगी अनेकवचनी, म्हणून ‘च्या’.

प्रश्न २. वाक्ये शुद्ध करून लिहा.

१) इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिले.
शुद्ध : …येरवड्यात फाशी दिली.
‘हुतात्म्यांना’ला प्रत्यय आहे, मग भावे प्रयोग का नाही, असे विचारणारच तुम्ही. कारण वाक्यात आणखी एक कर्म आहे, प्रत्यय नसलेले : फाशी. ते मोकळे असल्याने क्रियापद त्याच्या लिंगाप्रमाणे चालते. काकूंच्या वाक्यात असे मोकळे कर्म नव्हते. ही दोन वाक्ये शेजारी लिहून ठेवा, परीक्षेत याच जोडीवर गुण जातात.

२) तिने मला म्हणाली.
शुद्ध : ती मला म्हणाली.
म्हणणे, बोलणे, विसरणे अशा काही क्रियापदांचा कर्ता भूतकाळातही ‘ने’ घेत नाही. नियम कळला म्हणून सगळीकडे ‘ने’ लावत सुटू नका. ही यादी पाठच करावी लागते.

३) यात्रेत सुमारे शंभरेक दुकाने होती.
शुद्ध : यात्रेत शंभरेक दुकाने होती.
‘सुमारे’ म्हणजे अंदाजे, आणि शंभरला लागलेला ‘एक’ही तेच सांगतो. दोन्हींपैकी एकच ठेवा. ‘सुमारे शंभर’ लिहिले तरी गुण पूर्ण.

४) आम्ही सिध्देश्वराला दुपारि गेलो.
शुद्ध : आम्ही सिद्धेश्वराला दुपारी गेलो.
आधी द, मग ध. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ. ‘आणि’ हा अपवाद.

५) आजी भाकरी थापालीय.
शुद्ध : आजी भाकरी थापत आहे.
अपूर्ण वर्तमानकाळाचे लेखी रूप असे होते. आजीशी बोलताना मात्र ‘थापालीय’च म्हणा, ती सोलापुरी बोली आहे, चूक नव्हे. पेपर प्रमाणभाषेत तपासतात, एवढेच.

प्रश्न ३. प्रत्येक शब्दाची जात ओळखा.

*अरेच्चा! तिने कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर गुपचूप खाल्ली आणि रिकामा डबा ठेवला.*

अरेच्चा : केवलप्रयोगी, आश्चर्य दाखवते आणि वाक्याबाहेर उभे राहते. तिने : सर्वनाम. कडक, रिकामा : विशेषणे, भाकरी आणि डबा कसा ते सांगतात. भाकरी, शेंगाचटणी, डबा : नामे. गुपचूप : क्रियाविशेषण, भाकरी गुपचूप नव्हती, खाणे गुपचूप होते. खाल्ली, ठेवला : क्रियापदे. आणि : उभयान्वयी, दोन वाक्ये जोडते.

उरला ‘बरोबर’. इथे तो नामाला चिकटून भाकरीचा चटणीशी संबंध दाखवतो, म्हणून शब्दयोगी. ‘उत्तर बरोबर आहे’ यात तो उत्तराविषयी सांगतो : विशेषण. ‘ती बरोबर पाचला आली’ यात येण्याची वेळ नेमकी करतो : क्रियाविशेषण. जात शब्दावर शिक्का मारून येत नाही, वाक्यातले काम बघून ठरवायची. सोमवारी येताना ‘वर’ या शब्दाची अशीच निदान दोन वाक्ये करून आणा.