सराव परीक्षा, 10 वी गणित: आलेखाचे मार्क कुठं कुठं गेले ते वाचून मगच पेपर घ्यायला या

मुलांनो, पेपर तपासून झालेत, उद्या तिसऱ्या तासाला देते. पण त्याआधी हे पूर्ण वाचा, कारण मला माहितीये उद्या पेपर हातात पडला की निम्मा वर्ग टेबलाभोवती गोळा होणार आणि मॅडम इथं अर्धा का कापला, मॅडम तिचं पण असंच आहे तिला कसे दिले, हे सुरू. आलेखाचे दोन प्रश्न होते, 4 आणि 5 मार्कांचे, आणि 9 पैकी 9 फक्त सहा जणांना पडलेत. गणित येत नाही म्हणून मार्क गेलेत असं फार कमी जणांचं झालंय. प्रमाण, नावं आणि बिंदू, या तीन ठिकाणीच गळती आहे.

ही मार्कांची वाटणी आपल्या शाळेतल्या तपासणीची आहे, फायनलला तपासणाऱ्याकडं जी उत्तरसूची असेल तिच्यात अर्धा मार्क इकडचा तिकडं असू शकतो, पण बघायच्या गोष्टी ह्याच असतात.

आधी 4 मार्कांचा. x + 2y = 7 आणि x − y = 1 आलेखानं सोडवा. दोन्ही समीकरणांचे तक्ते 1 मार्क, अक्ष आणि प्रमाण 1, बिंदू आणि रेषा 1, छेदनबिंदू वाचून उत्तर लिहिणं 1. उत्तर x = 3, y = 2, हे बहुतेकांनी काढलंय, काहींनी तर मागच्या पानावर समीकरणं सोडवून उत्तर आधीच काढलंय आणि मग आलेख त्या उत्तराकडं ओढून नेलाय. रेषा (3, 2) मधून जाते खरी पण स्वतःच्या तक्त्यातल्या बिंदूंतून जात नाही! असल्या रेषेला मार्क नाही मिळत, पट्टी लावून बघतो आम्ही.

तक्त्यात तीन बिंदू घ्या असं मी वर्षभर ओरडतेय. रेषा काढायला दोन पुरतात, तिसरा असतो पहारेकरी. एकानं पहिल्या समीकरणाला (1, 3), (5, 1), (7, 0) घेतले, तक्ता एकदम बरोबर. मांडताना (1, 3) च्या जागी (3, 1) वर ठिपका दिला, x आणि y ची अदलाबदल, होतं असं. पण मग तीन ठिपके एका रेषेत येईनात, तेव्हा थांबून बघायचं सोडून पठ्ठ्यानं रेषा मध्ये वाकवली. x + 2y = 7 ची रेषा मधेच गुडघ्यात वाकलेली मी पहिल्यांदा बघितली. तिथंच बोट ठेवून एकदा तक्ता बघितला असता तर मार्क वाचला असता.

आता उलटं पण सांगते म्हणजे मी फक्त कापते असं वाटायला नको. एकीचा तक्ताच चुकलाय, x − y = 1 मध्ये x = 4 ला y = 5 घेतलंय. तिला तक्त्याचा अर्धा गेला आणि शेवटी उत्तर चुकलं तो गेला, पण बिंदू आणि रेषेचा पूर्ण मार्क दिलाय, कारण तिनं स्वतःच्या तक्त्याप्रमाणं बरोबर मांडलं. एका चुकीसाठी दोनदा शिक्षा नाही. मात्र ही सवलत वरून खाली येताना प्रत्येक पायरी नीट असेल तरच, आणि प्रमाण चुकलं की हे चालत नाही, ते पुढं सांगते.

अक्षांच्या मार्कात अर्धा कशाचा आणि अर्धा कशाचा? X, Y अशी नावं, O लिहिणं, बाण, आकडे दोन्ही बाजूंना (ऋण बाजूला पण, कारण x = 0 घेतला तर y = −1 येतोय) हे अर्धा. उजव्या कोपऱ्यात वर “प्रमाण: दोन्ही अक्षांवर 1 सेमी = 1 एकक” हे लिहिलं की अर्धा. फक्त एवढी एक ओळ. 46 पैकी 19 जणांनी ही ओळ लिहिलेलीच नाही. आणि दोघांनी लिहिलंय 1 सेमी = 2 एकक आणि मांडलंय 1 सेमी = 1 नं, बहुतेक पाठ करून आलेली ओळ आहे. त्यापेक्षा न लिहिलेलं बरं म्हणणार होते पण नको, लिहाच, फक्त स्वतःच्या आलेखाकडं बघून लिहा. रेषेच्या शेजारी तिचं समीकरण लिहायचं, नाहीतर कुठली रेषा कुणाची हे मी ओळखत बसायचं का.

आता 5 मार्कांचा, जिथं खरा पूर आलाय. आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पाणीपातळीचा प्रश्न मीच बनवला होता, आकडे माझे आहेत, पण इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट हे खरं, सांगलीतल्या पोरांना हे दोन आकडे पाढ्यासारखे पाठ असतात. सूर्यवंशी प्लॉटातल्यांना तर विचारायलाच नको. तर सकाळी 6 ला 31 फूट, 8 ला 33.5, 10 ला 36, दुपारी 1 ला 39, 4 ला 41.5, रात्री 9 ला 43. रेषालेख काढा, इशारा पातळी अंदाजे किती वाजता ओलांडली ते सांगा आणि पाणी चढायचा वेग कधी मंदावला ते सांगा.

वाटणी अशी: अक्षांची नावं एककासहित 1, प्रमाण 1, बिंदू 1, रेषा अर्धा, शीर्षक अर्धा, वाचन 1.

बऱ्याच जणांनी, मोजले मी, अकरा जणांनी, काय केलं? Y-अक्षावर एकेक सेमी सोडून 31, 33.5, 36, 39, 41.5, 43 असे तक्त्यातलेच आकडे लिहिले. X-अक्षावर पण तसंच, 6, 8, 10, 1, 4, 9, सगळे एकेक सेमीवर. मग काय, सहाच्या सहा ठिपके तिरक्या सरळ रेषेत, पट्टीनं आखल्यासारखे. कृष्णामाई अगदी शिस्तीत, दर सेमीला एक सेमी चढतेय! एकीनं तर खाली लिहिलंय “पाण्याचा वेग कुठेही मंदावला नाही”. तिच्या आलेखावरून तेच दिसतं, तिची चूक वाचनात नाहीये, चूक अक्षावर आहे. पण आकडे बघा ना, सकाळी 8 ते 10 दोन तासांत अडीच फूट चढलंय आणि दुपारी 4 ते रात्री 9 पाच तासांत फक्त दीड फूट. खरा आलेख उजवीकडं आडवा होत जातो, आणि आडवा व्हायला लागला की गावातली माणसं सुटकेचा श्वास टाकतात.

काल एकीनं स्टाफरूमच्या दारात गाठून विचारलंच, “मॅडम, ठिपके तर सगळे आपापल्या आकड्यासमोरच आहेत की, मग बिंदूंचा मार्क का नाही?” आहेत बाळा, आकड्यासमोर आहेत, पण आकडाच त्याच्या जागेवर नाही. 31 ते 33.5 हे अंतर अडीच फुटाचं आणि 36 ते 39 तीन फुटाचं, दोन्हीला तू एकच सेमी दिलंस. प्रमाण म्हणजे एका सेमीला किती ते एकदा ठरवायचं आणि शेवटपर्यंत बदलायचं नाही, दुकानदार गिऱ्हाईक बघून किलो बदलतो का? म्हणून प्रमाणाचा मार्क जातो, त्याच्या मागोमाग बिंदूंचा जातो, रेषेचा आणि वाचनाचा पण जातो. त्या अकरा जणांना दीड पडलेत, नावांचा 1 आणि शीर्षकाचा अर्धा, यापेक्षा जास्त मला देताच येत नाहीत.

मग करायचं काय. X-अक्षावर 1 सेमी = 1 तास, 24 तासांच्या घड्याळानं 6 पासून 21 पर्यंत, म्हणजे 15 सेमी. ठिपके 6, 8, 10, 13, 16, 21 वर, मधली अंतरं आपोआप कमीजास्त होतात. Y-अक्षावर 30 पासून सुरू करा, 1 सेमी = 1 फूट. शून्यापासून सुरू केलं तर तीस फूट रिकामे आणि आलेख वर कोपऱ्यात चिमणीएवढा, तसा पण तिघांनी काढलाय, त्यांचा प्रमाणाचा अर्धा गेला. पण 30 पासून सुरू करताना अक्षसंकोच चिन्ह द्या, ते आपलं झिगझॅग, Y-अक्षावर खालीच, नाहीतर O शेजारी 30 कसं आलं. सहापासून सुरू केलंय म्हणून X-अक्षावर पण.

1 सेमी = 2 फूट घेतलं तरी चूक नाही, पूर्ण मार्क दिलेत, फक्त तेव्हा एक छोटा चौकोन 0.2 फुटाचा होतो आणि 33.5 नेमका दोन बारीक रेषांच्या मधे येतो. 1 सेमी = 1 फूट घेतलं की तोच पाचव्या बारीक रेषेवर बसतो. आणि कृपा करून 1 सेमी = 3 घेऊ नका, कुणीतरी घेतलंय, त्याचे सहातले चार बिंदू अंदाजपंचे पडलेत. 1, 2, 5, 10, 20, 50 असलं घ्या, निम्म्याहून जास्त कागद वापरला जाईल असं.

बिंदूंत मी एका बारीक चौकोनापर्यंतची, म्हणजे 1 मिमीची, चूक सोडते. सहाही बरोबर तर 1, एखाददुसरा चुकला तर अर्धा, त्याच्यापुढं शून्य. पण ठिपका जर वाटाण्याएवढा असेल तर तो कुठं आहे हे मी कसं ठरवू, पेन्सिलला टोक करा, बारीक फुली मारा किंवा ठिपक्याभोवती छोटा गोल. बॉलपेननं आलेख काढलेले दोघे आहेत, त्यांनी खाडाखोड करून जे केलंय ते उद्या त्यांनीच मला समजावून सांगावं.

वाचनाला 40 फुटापासून आडवी तुटक रेषा आलेखापर्यंत आणि तिथून खाली X-अक्षापर्यंत. उत्तर 2 वाजून 12 मिनिटांच्या आसपास येतं, मी 2 ते 2:30 मधलं सगळं धरलंय. तुटक रेषा नाही आणि नुसतं “2:15” लिहिलंय त्यांना वाचनाचा एक चतुर्थांश द्यावा की नाही यावर मी बराच विचार केला, शेवटी अर्धा दिलाय.

नावांचं थोडक्यात, “वेळ” एवढं लिहिलं तर अर्धा, “वेळ (तास)” लिहिलं तर पूर्ण, तसंच “पाणीपातळी (फूट)”. शीर्षक म्हणून “आलेख” लिहू नका, तो आलेख आहे हे दिसतंय मला.

आयतालेखाला पण हेच, फक्त तिथं 10–19, 20–29 असे वर्ग आले की आधी 9.5–19.5 असे सलग करून घ्या, नाहीतर स्तंभांत फट राहते. आणि विज्ञानाच्या मॅडमनी निरोप दिलाय की बर्फापासून वाफेपर्यंतच्या आलेखात 0 आणि 100 अंशाला रेषा आडवी राहते, तिथं ती हळूच तिरकी करू नका.

उद्या येताना प्रत्येकानं दोन कोरे ग्राफपेपर, टोक केलेली पेन्सिल आणि 15 सेमीची नको, 30 ची पट्टी आणा. ते अकरा जण पाणीपातळीचा आलेख वर्गातच परत काढतील, बाकीच्यांनी त्यांच्या शेजारी बसायचं. मार्कांची शंका असेल तर शुक्रवारपर्यंत मधल्या सुट्टीत या, पण पेपर घेऊन या, आणि शेजाऱ्याचा नको, स्वतःचा.