बडतर्फी नव्हे, मुदतीची नोटीस: तुमच्या जर्मन पत्राच्या भाषांतराबाबत

कोथरूड, पुणे
रविवार, 16 मार्च 2025

प्रिय प्रशांत यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या कंपनीचे 12 मार्चचे जर्मन पत्र आणि तुमच्या बाबांनी इथे घाईघाईने करून घेतलेले त्याचे मराठी भाषांतर, दोन्ही मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. मराठी मजकूर वाचून घरात जी घबराट झाली, तिचे बरेचसे कारण मूळ पत्रात नसून भाषांतरात आहे. तथापि एक गोष्ट तातडीची आहे आणि नेमकी तीच भाषांतरात पुसट झाली आहे, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

पहिली चूक मथळ्यातच आहे. ‘ओर्डेंटलिखं क्युंडिगुंग’ याचे ‘सामान्य बडतर्फी’ असे भाषांतर केले आहे. आपल्याकडे बडतर्फ होतो तो गैरवर्तनाचा ठपका असलेला माणूस. तुमच्या पत्रात ठपका कुठेही नाही. कामाचा विभाग बंद होत असल्यामुळे, म्हणजे कंपनीच्या निकडीच्या व्यावसायिक कारणांमुळे, ठरलेली मुदत देऊन नोकरी संपवत आहोत, एवढेच त्यात म्हटले आहे. मुदत न देता तडकाफडकी काढण्यासाठी जर्मनमध्ये ‘फ्रिस्टलोस’ हा वेगळा शब्द आहे आणि तो या पत्रात नाही.

मुदतीचे गणित बरोबर आहे. तुम्ही 1 सप्टेंबर 2019 ला रुजू झालात, म्हणजे पत्र हातात पडले त्या 14 मार्चला तुमची पाच वर्षे पूर्ण झालेली होती, आणि पाच वर्षांच्या सेवेनंतर मालकाला कायद्याने दोन महिन्यांची नोटीस महिनाअखेरीपर्यंत द्यावी लागते; 14 मे ओलांडून पुढची महिनाअखेर 31 मे येते, आणि पत्रातही तीच तारीख आहे. तिच्यापुढच्या वाक्याचे भाषांतर ‘किंवा कंपनीला सोयीचे होईल तितक्या लवकर’ असे केले आहे. ते वाचून तुमच्या आई रडल्या, असे बाबा म्हणाले. मूळ वाक्याचा अर्थ जवळजवळ उलटा आहे: 31 मे ही तारीख हिशेबात चुकलेली निघाली, तर नोटीस रद्द न ठरता कायद्याने शक्य असलेल्या पुढच्या तारखेला लागू होईल. असे वाक्य तिकडचे वकील बहुतेक प्रत्येक नोटिशीत घालतात.

दुसरा शब्द ‘कार्यमुक्त’. ‘1 एप्रिलपासून आपणास कार्यमुक्त करण्यात येत आहे’ हे वाचून 31 मार्चला पगार बंद होणार असे तुम्हाला वाटले, आणि तसे वाटणे स्वाभाविकच आहे, कारण इथल्या कचेरीत कार्यमुक्त झालेला माणूस रजिस्टरवर सही करून चार्ज देऊन निघतो. जर्मन शब्द ‘फ्रायश्टेलुंग’ फक्त कामावर येण्यापासून मोकळीक देतो. तुमची नोकरी, पगार आणि आरोग्य विमा 31 मेपर्यंत चालू राहतात. मात्र त्याच वाक्यात ‘शिल्लक रजा वळती करून’ असे आहे, म्हणून उरलेल्या रजेचे पैसे वेगळे मिळणार नाहीत. जादा तासांचा उल्लेख त्या वाक्यात नाही. ते शिल्लक असतील तर लेखी विचारा.

‘कामगार संघटनेने मान्यता दिली आहे’ हे वाक्यही खरे नाही. कारखान्यातील कामगार मंडळाचे म्हणणे ऐकून घेतले, इतकेच मुळात आहे. ऐकणे बंधनकारक आहे. मंडळाने होकार दिला असे त्यावरून म्हणता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘आबफिंडुंग’, म्हणजे नोकरी संपताना मालक देतो ती रक्कम, हिच्यासाठी भाषांतरात एकदा ‘नुकसानभरपाई’ आणि एकदा ‘ग्रॅच्युइटी’ असे दोन शब्द वापरले आहेत, आणि दोन्ही दिशाभूल करतात. ग्रॅच्युइटी हा आपल्याकडे कायद्याने मिळणारा हक्क आहे, पाच वर्षे झाली की सहसा ती चुकत नाही. त्यामुळे बाबांनी ‘ते पैसे कुठे जात नाहीत’ असा निष्कर्ष काढला. जर्मनीत नोकरी गेली म्हणून आबफिंडुंग आपोआप मिळत नाही. तुमच्या पत्रात ती एका अटीवर देऊ केली आहे, आणि भाषांतरकाराने ‘दाव्याची मुदत संपल्यावर रक्कम देण्यात येईल’ असे लिहून ती अट केवळ तारखेसारखी करून टाकली आहे. मी ते वाक्य असे लिहीन: ‘आपण कामगार न्यायालयात दावा न करता दाव्याची मुदत जाऊ दिलीत, तरच आपण या रकमेस पात्र ठराल.’

ही मुदत पत्र मिळाल्यापासून तीन आठवड्यांची आहे, म्हणजे शुक्रवार, 4 एप्रिल. त्या दिवसापर्यंत दावा दाखल केलात तर नोटिशीला आव्हान देता येईल, पण पत्रातील रक्कम मागण्याचा हक्क उरणार नाही. न्यायालयात तडजोड होऊन कमी-जास्त काही मिळू शकेल, पण त्याची हमी नाही. दावा केला नाहीत तर 4 एप्रिलनंतर नोटीस वैध धरली जाईल आणि रक्कम नोकरी संपताना देय होईल. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे अर्धा महिन्याचा पगार, आणि सहा महिन्यांहून अधिक असलेले अपुरे वर्ष पूर्ण धरायचे, असा नियम आहे. 31 मेपर्यंत तुमची पाच वर्षे नऊ महिने होतात, म्हणजे सहा वर्षे. 3,800 युरो ढोबळ पगारावर ही रक्कम 11,400 युरो येते. भाषांतरात ‘निव्वळ पगार’ लिहिले आहे ते चूक आहे. या रकमेवर आयकर लागेल, म्हणून हाती कमी पडेल.

दोहोंपैकी काय निवडावे हे मी सांगू शकत नाही. मी भाषांतर करते, वकिली नाही. तुम्ही आयजी मेटाल या कामगार संघटनेचे सदस्य आहात, तेव्हा त्यांच्या कायदा विभागाची वेळ याच आठवड्यात घ्या आणि जाताना मूळ जर्मन पत्र व पाकीट न्या, मराठी प्रत नको. पत्रावर शाईची खरी सही आहे की छापील, हेही त्यांना दाखवा, कारण नोटीस कागदावर स्वाक्षरीनिशीच द्यावी लागते.

पत्राच्या तळाशी जिथे भाषांतरात ‘मान्य’ लिहिले आहे, तिथे मुळात फक्त ‘पत्र मिळाले’ एवढेच आहे. तारीख घालून सही करायला हरकत नाही. मात्र दाव्याचा हक्क सोडत असल्याचे वाक्य असलेला दुसरा कोणताही कागद पुढे आला, तर सल्ला घेईपर्यंत सही करू नका.

आणि उद्याचे काम: नोकरी संपायला तीन महिन्यांपेक्षा कमी अवधी असल्यामुळे, नोटीस कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयात काम शोधत असल्याची नोंद करावी लागते. तिसरा दिवस उद्या, 17 मार्च. ही नोंद ऑनलाइन किंवा फोनवरही होते. ती चुकली तर बेकारी भत्त्याचा एक आठवडा कापला जाऊ शकतो. वास्तव्याचा कायम परवाना तुमच्याकडे आहे असे तुम्ही सांगितलेत, म्हणून व्हिसाचा विषय इथे घेत नाही.

दुरुस्त भाषांतर सोबत जोडले आहे. बदललेल्या शब्दांखाली रेघ ओढली आहे. तुमच्या आई-बाबांना आज संध्याकाळी मी स्वतः वाचून दाखवणार आहे. नोंद झाली की मला एक ओळ पाठवा.

आपली,
मेधाताई
जर्मन–मराठी अनुवादिका