सहावी 'ब'मधल्या आमच्या लेकीची शाळेतली मधुमेह योजना

वर्गशिक्षिका बाई, पीटीचे सर आणि ऑफिसमधील सर्वांसाठी

तिला टाइप १ मधुमेह आहे. तिचं शरीर इन्सुलिन बनवत नाही, त्यामुळे इन्सुलिन चुकवून चालत नाही. हा गोड खाऊन झालेला आजार नाही. वर्गात कुणी तसं म्हटलं तर कृपया तिथेच थांबवा.

डबा खाण्याआधी ती रक्तातली साखर तपासेल, मला फोनवर आकडा सांगेल आणि मी सांगेन तेवढी इन्सुलिनची युनिट्स इंजेक्शनच्या पेनने स्वतः घेईल. पेनवरचा आकडा एका मोठ्या माणसाने बघावा. इन्सुलिननंतर डबा लगेच.

साखर ७० च्या खाली गेली की ती गप्प होते, ओठ पांढरे पडतात, अक्षर वाकडं होतं. विचारलं तर "मी ठीक आहे" म्हणेल, तरीही तपासा. मीटर नसेल तर साखर कमीच समजा. दप्तराच्या पुढच्या कप्प्यातल्या ४ ग्लुकोज गोळ्या जागेवरच चावायला द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा ४. तिला एकटीला कुठेही पाठवू नका, अगदी ऑफिसातही नाही.

शुद्ध हरपली किंवा झटके आले तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, ऑफिसच्या कपाटातलं साखर वाढवणारं औषध ग्लुकागॉन द्या, अॅम्ब्युलन्स बोलवा, मग मला फोन. अशा वेळी इन्सुलिन अजिबात नको.

खेळाच्या तासाआधी तपासणी. पाणी, लघवीला कधीही जाऊ द्या. साखर २५० च्या वर असेल किंवा उलटी झाली, तर लगेच कळवा.

— तिची आई