देवनागरी आणि रोमन लिपीतील रंगनामांमुळे होणारा स्ट्रूप अडथळा: मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्यांवरील एक लघुप्रयोग

शब्दाचा अर्थ आणि त्याच्या शाईचा रंग यांत विसंगती असल्यास रंग सांगण्याचा वेग मंदावतो, हे जे. रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली दाखवून दिले. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या, परंतु पदवीपासून इंग्रजी पाठ्यपुस्तके वाचणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निवडक अवधानात मराठी शब्द अधिक अडथळा आणतात की इंग्रजी, हे पाहणे हा प्रस्तुत प्रयोगाचा उद्देश होता.

आमच्याच महाविद्यालयातील २० ते २४ वयोगटातील ३४ विद्यार्थी लेखी संमती देऊन सहभागी झाले. रंगदृष्टीच्या चाचणीत एक जण वगळला गेला आणि एकाची वेळनोंद सदोष ठरल्याने विश्लेषण ३२ जणांचे (२० मुली, १२ मुले) केले. प्रत्येकाने प्रथम ४० रंगीत चौकोनांचे कार्ड आणि नंतर विसंगत शाईत छापलेल्या ४० रंगनामांची दोन कार्डे, एक मराठी व एक इंग्रजी, पाहून शाईचा रंग मराठीत मोठ्याने सांगितला. निम्म्या सहभागींना मराठी कार्ड आधी दिले, निम्म्यांना इंग्रजी. ‘निळा’, ‘निळी’, ‘निळं’ ही तिन्ही रूपे बरोबर धरली.

चौकोनांसाठी सरासरी २७.४ सेकंद (प्रमाण विचलन ४.१), मराठी कार्डासाठी ४६.८ (८.३) आणि इंग्रजी कार्डासाठी ३९.६ (७.२) सेकंद लागले. मराठी कार्डाला सरासरी ७.२ सेकंद अधिक लागले (९५ टक्के विश्वासांतर ४.९ ते ९.५; टी(३१) = ६.३६, पी < ०.००१). चुकांच्या संख्येत मात्र सार्थ फरक आढळला नाही (पी = ०.११).

हा फरक केवळ लिपीच्या सरावामुळे पडला, असे म्हणता येत नाही. उत्तरे फक्त मराठीत घेतल्याने, वाचलेला शब्द आणि उच्चारायचा शब्द एकाच भाषेतील असण्याचा परिणाम त्यातून वेगळा काढता आला नाही. इंग्रजी उत्तरांचीही अट ठेवण्याचा विचार होता, पण पूर्वचाचणीत सहभागी ‘रेड’ आणि ‘लाल’ यांची सरमिसळ करू लागल्याने ती सोडून द्यावी लागली, आणि आता मागे वळून पाहता सरावफेरी वाढवून ती टिकवायला हवी होती असे वाटते. शिवाय मराठी कार्ड आधी मिळालेल्यांत हा फरक ९.१ सेकंद, तर नंतर मिळालेल्यांत ५.३ सेकंद होता; क्रमाचा हा परिणाम सार्थ ठरला नसला (टी(३०) = १.७३, पी = ०.०९), तरी १६-१६ च्या गटांत तो नाकारण्याइतके बळ नाही. वेळ हाताने स्टॉपवॉचवर मोजली असून मोजणाऱ्याला गृहीतक ठाऊक होते. इंग्रजी माध्यमातील तुलनागट नसल्याने निष्कर्ष या नमुन्यापुरतेच आहेत. उत्तराची भाषा बदलून, संगणकावर प्रत्येक शब्दाचा प्रतिक्रियाकाळ नोंदवणारी पुढील फेरी नियोजित आहे.

मुख्य शब्द: निवडक अवधान, स्ट्रूप परिणाम, द्विभाषिकता, देवनागरी